ऊसतोडीचं उदाहरण, पण डेव्हिस-मूर नीट वाचून

समाजशास्त्राच्या पेपराची तयारी करताना असा सल्ला हमखास ऐकू येतो : "विषमतेवर प्रश्न आला की सोपं असतं. प्रकार्यवाद म्हणतो विषमता चांगली, संघर्ष सिद्धांत म्हणतो वाईट. डेव्हिस-मूर खोडायला ऊसतोड मजुराचं उदाहरण टाका : काम महत्त्वाचं, पैसा कमी. शेवटी 'दोन्ही सिद्धांत परस्परपूरक आहेत' लिहा, मार्क पक्के."

चांगलं-वाईट हा निवाडा झाला. परीक्षक कारणमीमांसा मागत असतो. किंग्सले डेव्हिस आणि विल्बर्ट मूर या प्रकार्यवादी समाजशास्त्रज्ञांचा 1945 चा प्रश्न असा होता, की काही पदांना जास्त मोबदला आणि मान जवळपास सगळ्याच समाजांत का दिसतो? त्यांचं उत्तर : पदं भरावी तर लागतातच, पण काहींसाठी लागणारी पात्रता दुर्मिळ असते किंवा लांबच्या प्रशिक्षणाने येते, म्हणून माणसं तिकडे वळतील असा मोबदला ठेवावा लागतो. आपण पदांबद्दल बोलतोय, त्या पदांवर बसलेल्या व्यक्तींबद्दल नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. बहुतेक उत्तरांत नेमकं हेच वाक्य गळतं आणि मग 'श्रीमंत हुशार असतात असं ते म्हणतात' असलं काहीतरी लिहिलं जातं.

आता ऊसतोड. उदाहरण बीड-धाराशिवकडच्या मुलांच्या घरातलंच असतं, म्हणून ते पटकन सुचतं. पण नुसतं 'काम महत्त्वाचं, पैसा कमी' लिहून डेव्हिस-मूर खोडले जात नाहीत. त्यांच्या मांडणीत दोन अटी आहेत : प्रकार्यात्मक महत्त्व आणि योग्य माणसांची टंचाई. तोड थांबली तर कारखाना थांबतो, तोडलेला ऊस पडून राहिला तर साखरेचा उतारा घसरतो. म्हणजे पहिली अट पूर्ण. दुसरी नाही. कोयता चालवायला पदवी लागत नाही आणि कोरडवाहू पट्ट्यात हंगामाला निघणारी माणसं भरपूर. महत्त्वाचं पण भरायला सोपं असलेलं पद कमी मोबदल्यातही भरतं, असं ते दोघं शांतपणे सांगतील. तुमचं उदाहरण त्यांच्याच बाजूने उभं राहिलं!

त्यांना गाठायचं तर समाजशास्त्रज्ञ मेल्विन ट्युमिनच्या 1953 च्या टीकेतून. त्याचा एक मुद्दा असा, की स्तरीकरण, म्हणजे समाजाची वर-खाली थरांतली विभागणी, स्वतःच गुणवत्तेचा शोध अडवतं. इथे उदाहरण खरं कामाला येतं. आईबाप दिवाळीच्या सुमारास निघतात, उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. सोबत गेलेल्या पोराची शाळा मधले महिने तुटते. पुढे इंजिनिअर 'दुर्मिळ' आणि तोडणारे 'मुबलक' असतात त्यामागे ही तुटलेली शाळाही असते. ज्या टंचाईने विषमता समजावायची, ती काही अंशी विषमतेनेच तयार केलेली. 'महत्त्व' मोजायचं कसं, हा ट्युमिनचा दुसरा आक्षेप एका वाक्यात आला तरी पुरे.

संघर्ष सिद्धांताचीही अशीच ओढाताण होते. संघर्ष म्हणजे संप-मोर्चे असं धरून 'मजूर लढत नाहीत, म्हणून सिद्धांत लागू नाही' असं लिहिणारेही आहेत. उलट, गडबड न होता व्यवस्था कशी चालते हे तो सत्तेच्या अंगाने सांगतो. मजुरांची टोळी जमवणारा मुकादम हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, हिशोब बहुधा नवऱ्याच्या नावावर. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. भाव वाढवून मागायची वेळ येते तेव्हा माणूस आधीच देणेकरी झालेला असतो. मजुरी ठरते ती अशा असमान ताकदीच्या सौद्यात.

पण मालक आणि कामगार हे मार्क्सचे दोनच वर्ग इथे जसेच्या तसे चिकटवू नका. सहकारी कारखान्याचे सभासद ऊस उत्पादक शेतकरी असतात, अनेक तोडणाऱ्यांच्या नावावरही गावी थोडी कोरडवाहू जमीन असते, आणि मुकादमाकडे कारखान्याची मालकी नसून हुकूम चालवायची ताकद असते. मुकादमासाठी संघर्षवादी समाजशास्त्रज्ञ राल्फ डारेनडॉर्फ घ्या : 1959 मध्ये त्याने संघर्षाचं मूळ मालकीऐवजी अधिकारात शोधलं.

राहिला तो 'परस्परपूरक' शेवट. मजूर मुबलक आहेत हे प्रकार्यवाद आणि संघर्ष सिद्धांत दोघांनाही मान्य. एकासाठी ती बाजाराची स्थिती, दुसऱ्यासाठी सत्तासंबंधांचा परिणाम. 10 गुणांच्या, 150 शब्दांच्या उत्तरात शेवटचे तीसेक शब्द या मतभेदावर खर्च करा आणि तो कुठे तपासता येईल ते लिहा. समजा कोयते कमी पडू लागले. मजुरी त्या प्रमाणात वाढली, तर टंचाईचा युक्तिवाद टिकतो. कोयते कमी असूनही जुन्या उचलीमुळे भाव अडून राहिला, तर ट्युमिन आणि संघर्षवाद्यांचं पारडं जड होतं.