± च्या पुढे काय आहे ते लिहायला पैसे पडतात का?

आज परत तेच! मेटा-अ‍ॅनालिसिससाठी बऱ्याच ट्रायल्सचे आकडे पेपरांतून शीटमध्ये उतरवतोय, सगळे मिळून एकच उत्तर काढायला. ही मधुमेहाची ट्रायल, दोन्ही गटांत ६४-६४ पेशंट. शेवटी एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, किती? एका गटात ७.४ ± ०.१५, दुसऱ्यात ८.० ± ०.१५. हे ०.१५ म्हणजे एसडी, पेशंटा-पेशंटांतला फरक, की एसई, नुसती सरासरीतली अनिश्चितता? टेबलाखाली टीप नाही, मेथड्समध्ये अवाक्षर नाही. माझ्या शीटमध्ये रकाना एकच, एसडीचा.

अहो, ६४ मधुमेह्यांची साखर एवढी एका मापाची? बाकीच्या ट्रायल्समध्ये एसडी १ च्या आसपास किंवा थोडी वरच येते. आमच्या इंदुरात तर सकाळी पोह्यांवर जिलबी खाणारा आणि नुसती जिलबीच खाणारा, दोघेही त्याच ओपीडीत येतात.

मग बसलो पोलिसासारखा. पेपरात पी दिलाय ०.००५. ०.१५ ला एसडी धरलं तर फरक ०.६ आणि टी निघतो २२ च्या वर; तसं असतं तर पी ला कितीतरी शून्यं लागली असती. एसई धरलं तर टी येतो २.८३ आणि पी बरोब्बर ०.००५. सापडला चोर! ०.१५ गुणिले ६४ चं वर्गमूळ, म्हणजे ८. एसडी १.२. एक शब्द छापला असता तर माझी अख्खी दुपार वाचली असती.

एवढं करून, माझ्यासोबत हेच आकडे उतरवणाऱ्या जोडीदाराची शीट उघडतो, तर तिथे ०.१५ जसंच्या तसं. विचारलं तर म्हणतो, ‘भिया, पेपर में जो लिखा है वही तो भरेंगे.’ वा रे वा! एसडी आठपट लहान, म्हणजे व्हेरियन्स ६४ पट लहान, आणि फिक्स्ड इफेक्टमध्ये व्हेरियन्स जेवढा लहान तेवढं वजन जास्त, म्हणजे या एका पेपराचं वजन ६४ पट. बाकीच्या ट्रायल्स फॉरेस्ट प्लॉटवर नुसत्या हजेरीपुरत्या. आणि गाइड विचारणार मला.

लेखकाला मेल टाकला. परत आला, पत्ताच बंद. ‘मागणी केल्यास डेटा देऊ’ असं छापणाऱ्यांनी मागणी करायची कुठे तेही छापावं. आणि ते ग्लुकोज एका पेपरात मिलिग्राममध्ये, दुसऱ्यात मिलिमोलमध्ये, आपण बसायचं १८ ने गुणत. स्कॅन केलेल्या तिरक्या टेबलांबद्दल तर बोलायलाच नको, बीपी वाढतं. तसं ते सकाळपासून वाढलेलंच आहे, घरातले आज माझ्याशी जपूनच बोलताहेत.

पुढच्या पेपरात आकडेच नाहीत, नुसता बार-चार्ट. तो सॉफ्टवेअरमध्ये घालून एकेका बारच्या टोकावर माउसने नेम धरून टिचक्या मारत बसलोय. मागून आई चहा ठेवून म्हणाली, ‘एवढा मोठा झालास, अजून गेमच खेळतोयस होय रे?’