‘शेअरचं भाडं’ आणि मामांचा लॉट

“डीमॅटमध्ये पडून असलेल्या शेअरवर दर महिन्याला ३% भाडं कमवा. सगळ्यात जवळची एक्सपायरी आणि चालू भावाचाच स्ट्राइक घ्या, तिथे प्रीमियम सगळ्यात जास्त. शेअर पडला तरी प्रीमियम आपलाच. वर गेला तर रोल करा. कव्हर्ड कॉलमध्ये तोटा नसतोच!”

हा मेसेज मामांनी मला रविवारी सकाळी पाठवला, खाली “आपण करायचं का?” असं विचारून. कव्हर्ड कॉल म्हणजे आपल्याकडचे शेअर ठरलेल्या भावाला, म्हणजे स्ट्राइकला, ठरलेल्या तारखेला, म्हणजे एक्सपायरीला, विकत घेण्याचा हक्क दुसऱ्याला विकायचा. तो हक्क म्हणजे कॉल, आणि त्याबद्दल मिळणारे पैसे म्हणजे प्रीमियम. दुपारी फोन केला तर कळलं की त्यांनी शुक्रवारीच एका लॉटचा, म्हणजे शेअरच्या एका ठरलेल्या गठ्ठ्याचा, कॉल विकून टाकलाय. विचारणं फक्त सोपस्कार होता.

मामांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. २०२० च्या मार्चमध्ये सगळे घाबरून विकत होते, तेव्हा त्यांनी एका चांगल्या कंपनीचे हजार शेअर २४० रुपयांनी घेतले. आज भाव १,००० च्या आसपास आहे. लॉट ५०० चा, म्हणजे त्यांच्याकडे बरोबर दोन लॉट. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही, गणित महत्त्वाचं आहे. पुढचे प्रीमियमचे आकडे ढोबळ आहेत, पण महिनाभराच्या मुदतीला साधारण असेच असतात.

पहिलं भाड्याचं. घर भाड्याने दिलं आणि गल्लीत भाव वाढले, तर वाढलेलं घर मालकाचंच राहतं. इथे भाडेकरूला आधीच ठरलेल्या भावात घर विकत घेण्याचा हक्क दिलेला असतो, आणि भाव पडले तर तो हात झटकून निघून जातो. याला भाडं म्हणत नाहीत, विसार म्हणतात.

आता चालू भावाच्या स्ट्राइकचं, कारण खरं नुकसान इथेच आहे. १,००० चा कॉल विकला, ३१ रुपये आले. महिन्याभरात शेअर ९०० वर आला. प्रीमियम आपलाच राहिला, कबूल. पण शंभर गेले आणि एकतीस आले. मेसेजप्रमाणे मामा पुढच्या महिन्यात पुन्हा चालू भावाचाच, म्हणजे ९०० चा कॉल विकणार. पडझडीनंतर प्रीमियम महागतात, तेव्हा ३६ मिळाले असं धरू. आता शेअर सावरून परत १,००० वर आला. मामांचे शेअर मात्र ९०० ला गेले. हातात आले ९०० अधिक ६७, म्हणजे ९६७. शेअर जिथून निघाला तिथेच परत आला, दोन्ही महिने ‘भाडं’ वसूल झालं, आणि एका लॉटमागे साडेसोळा हजार रुपये कमी झाले. काहीच न करता झोपून राहिलेला माणूस त्यांच्या पुढे आहे.

ही माझ्या डोक्यातली भीती नाही. शिकागोच्या सीबीओई एक्स्चेंजचा बीएक्सएम नावाचा निर्देशांक हेच करतो. एस अँड पी ५०० हा अमेरिकी शेअर निर्देशांक हातात ठेवायचा आणि दर महिन्याला त्यावर चालू भावाजवळचा एक महिन्याचा कॉल विकायचा. २०२० मध्ये बाजार मार्चमध्ये कोसळला आणि मग सरळ वर गेला. लाभांश धरून एस अँड पी ने त्या वर्षी १८ टक्क्यांहून जास्त दिले. बीएक्सएम वर्षाअखेर जवळपास ३ टक्के तोट्यात होता. पडताना पूर्ण पडला, चढताना दर महिन्याला डोकं छताला आपटत राहिलं.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर मामा शोधून आणतील. २००८ मध्ये एस अँड पी ३७ टक्के पडला, बीएक्सएम २९ च्या आसपास. म्हणजे उशी आहे, पण पातळ. आणि शेअर महिनोन्महिने एकाच पट्ट्यात रेंगाळला तर चालू भावाचा कॉल विकणारा खरंच जिंकतो. मेसेज लिहिणाऱ्याने असलंच एखादं वर्ष बघितलं असावं.

मग स्ट्राइक कुठला? ऑप्शन चेन, म्हणजे सगळ्या स्ट्राइकच्या प्रीमियमची यादी, उघडून सगळ्यात जाड प्रीमियम शोधायचा नाही. आधी कागदावर लिहायचं: कोणत्या भावाला हे शेअर गेले तर मला रात्री झोप लागेल? मामा म्हणाले, “१,०५० ला काय हरकत आहे? वर १२ रुपये मिळतायत.” १२ गुणिले ५०० म्हणजे सहा हजार. आता शेअर गेले तर काय होतं ते बघा. आपल्याकडे शेअरच्या ऑप्शनची सेटलमेंट २०१९ पासून प्रत्यक्ष डिलिव्हरीने होते. एक्सपायरीला भाव १,०५० च्या वर असेल आणि विकलेला कॉल परत घेऊन सौदा तुम्ही आधी कापला नसेल, तर शेअर द्यावेच लागतात. ते दिले की २४० ची खरेदी आणि १,०५० ची विक्री, म्हणजे ४,०५,००० चा दीर्घकालीन नफा. सव्वा लाखाची सूट वजा करून उरलेल्या २,८०,००० वर १२.५ टक्के, म्हणजे ३५,००० कर, उपकर वेगळा. हा कर कधीतरी भरायचाच आहे, पण सहा हजारांसाठी तो याच वर्षी ओढवून घ्यायचा का, हा प्रश्न मेसेजमध्ये कुठे आहे? शिवाय प्रीमियम धंद्याचं उत्पन्न धरलं जातं, त्यावर स्लॅबप्रमाणे कर आणि रिटर्न आयटीआर-३. मामांचा सीए खूश होईल.

जवळच्या एक्सपायरीचं थोडक्यात. शेवटच्या आठवड्यात प्रीमियम झपाट्याने झिजतो हे खरं, पण ते चालू भावाजवळच्या स्ट्राइकबाबत. १,०५० च्या कॉलला महिनाभर आधी १२ मिळतात, सात दिवस उरल्यावर जेमतेम रुपया-सव्वा रुपया. मग माणूस जास्त पैशासाठी स्ट्राइक खाली आणतो आणि वरच्याच सापळ्यात सापडतो. दोन महिन्यांपुढच्या कॉलला आपल्या बाजारात बहुतेक शेअरमध्ये गिऱ्हाईक नसतं, खरेदी-विक्रीच्या भावातल्या दरीतच प्रीमियम जातो. म्हणून जुन्या महिन्याची एक्सपायरी झाली की पुढच्या महिन्याच्या शेवटच्या मंगळवारच्या एक्सपायरीसाठी, चार-एक आठवडे हातात असताना विकायचं. मध्ये तिमाही निकाल असतील तर प्रीमियम फुगलेला दिसेल. तो उडीच्या शक्यतेचाच भाव असतो, कुणी खिरापत वाटत नाही.

रोलिंग? म्हणजे विकलेला कॉल परत घेऊन पुढच्या महिन्याचा विकायचा. शेअर १,०९० वर गेला, १,०५० चा कॉल ४२ ला परत घेतला, पुढच्या महिन्याचा १,१०० चा २९ ला विकला. खिशातून १३ रुपये गेले, म्हणजे लॉटमागे साडेसहा हजार. पन्नास रुपये वर सरकलेल्या छताची ही किंमत. कधी परवडते, पण फुकट नाही. आणि डीमॅटमध्ये शेअर आहेत म्हणून मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी ठेवायची अनामत, माफ होत नाही. शेअर गहाण ठेवावे लागतात, मार्जिनचा अर्धा भाग तरीही रोख किंवा रोखीसारखा लागतो, आणि डिलिव्हरी द्यायची असेल तर गहाणातून वेळेत सोडवावे लागतात.

मामांचा शुक्रवारचा सौदा १,००० चाच निघाला. ३१ ला विकलेला तो कॉल सोमवारी त्यांनी ३४ ला परत घेऊन कापला, दीड हजार गेले. मग त्यांनी कागदावर आकडा लिहिला: १,१००, आणि तोही एकाच लॉटवर. दुसरा लॉट मोकळा ठेवायचा, तो मामींचा म्हणे. १,१०० च्या कॉलला ४ रुपये मिळत होते.

“दोन हजार रुपयांसाठी एवढा उपद्व्याप?” मामा म्हणाले.

त्यांनी अजून विकलेला नाही.