धमकीचा ईमेल फॉरवर्ड करून मूळ डिलीट करू नका

सध्या फिरणारा मेसेज: "त्रासदायक ईमेल आला तर तो लगेच विश्वासू व्यक्तीला फॉरवर्ड करा आणि मूळ डिलीट करा. फॉरवर्डमध्ये तारीख, पाठवणारा सगळं राहतं, तोच पुरावा."

हे चुकीचं आहे, आणि यामुळे पुरावाच हातचा जातो.

फॉरवर्ड म्हणजे तुम्ही पाठवलेला नवा ईमेल. त्यात वर दिसणारी जुनी तारीख आणि पत्ता हा नुसता मजकूर असतो. पाठवण्याआधी कोणीही तो बदलू शकतो. समजा, धमकी रात्री ११:४० ला आली आणि तुम्ही सकाळी ९ ला फॉरवर्ड केली. त्या प्रतीच्या हेडरमध्ये, म्हणजे ईमेलसोबत जाणाऱ्या तांत्रिक नोंदीत, सकाळी ९ ची वेळ आणि तुमचाच पत्ता असेल.

खरी नोंद मूळ ईमेलच्या हेडरमध्ये असते. `Date` ही ओळ पाठवणाऱ्याच्या बाजूने येते, म्हणून ती खोटीही असू शकते. ईमेल पोचल्याची वेळ सांगणारी सर्वांत वरची `Received` ओळ मात्र तुमच्या मेल सेवेचा सर्व्हर लिहितो. `Message-ID` म्हणजे त्या ईमेलची स्वतंत्र ओळखखूण; तिच्यावरून सेवा कंपनीला आपल्या नोंदींत तो ईमेल शोधता येतो. हेडरमधून पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता मिळेलच असं नाही. बऱ्याच सेवा तो लपवतात.

जीमेल संगणकावरच्या ब्राउझरमध्ये उघडा, त्या ईमेलच्या तीन टिंबांतून `Show original` आणि मग `Download Original` निवडा. मिळालेली `.eml` फाइल न बदलता जपा आणि मूळ ईमेल इनबॉक्समध्येच राहू द्या.

धमकी चॅटवर आली असेल, तर तिचा स्क्रीनशॉट घेताना सेव्ह केलेल्या नावामागचा नंबरही दिसेल असा वेगळा स्क्रीनशॉट घ्या.

मूळ डिलीट करायला सांगणारा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल त्यांना मूळ ईमेल डिलीट करू नका म्हणून आजच कळवा.