खोका घातलेला सेन्सर आणि शेजारचे काका

परवा पुण्याच्या परिषदेतून नाशिकला परत येताना बस चाकणच्या कोंडीत अडकली आणि तेवढ्यात मला लिंक्डइनवर मेसेज आला. सकाळी चहाच्या टेबलापाशी ज्या गृहस्थांना मी साखर पास केली होती, त्यांचा. “डिअर सर, तुम्हाला भेटून अत्यंत आनंद झाला.” सर! गळ्यात माझ्या नावाचा बिल्ला होता, कपाळाला टिकली होती, आणि साखर मागताना ते स्वतः “मॅडम” म्हणाले होते. पुढे सात परिच्छेद, त्यांच्या कंपनीची स्थापना, चार शाखा, एक पीडीएफ आणि शेवटी “आपल्या सोयीने फक्त पंधरा मिनिटांचा कॉल.” तो सगळा मजकूर त्यांनी हॉलमधल्या प्रत्येकाला पाठवला असणार, नाव बदलायचेही कष्ट न घेता.

माझा राग येवढ्यासाठीच होता की मलाही एक मेसेज पाठवायचा होता, आणि आता तो कसाही लिहिला तरी माझा मलाच पीडीएफसारखा वाटायला लागला.

मी शीतगृहांसाठी तापमान नोंदवणारी यंत्रं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. जेवणाच्या रांगेत माझ्या पुढे सांगलीकडच्या एक बाई होत्या, द्राक्षांच्या शीतगृहाची गुणवत्ता बघणाऱ्या. पनीर येईपर्यंत त्यांनी जे सांगितलं, ते दिवसभराच्या सगळ्या भाषणांपेक्षा भारी होतं. त्यांच्याकडे दाराजवळ एक सेन्सर आहे. गाडी भरताना दार उघडं राहतं, बाहेरची गरम हवा आत येते, सेन्सर तापतो आणि अलार्म बोंबलायला लागतो. खोक्यातल्या द्राक्षांना तेवढ्यात काही होत नाही, हवा तापली म्हणजे लगेच मणी तापत नाही. पण अलार्मला ते कुठे कळतं! म्हणून हमाली करणाऱ्या पोरांनी एक दिवस त्या सेन्सरवर द्राक्षाचा रिकामा खोका उपडा घातला. अलार्म बंद. आलेख एकदम सरळ, पट्टीने ओढल्यासारखा. “ऑडिटर इतके खूश झाले,” बाई म्हणाल्या, “मलाच संशय आला. चालू शीतगृहाचा आलेख येवढा शहाणा कसा?”

अशा बाईंना “भेटून आनंद झाला” असं लिहायचं? शक्यच नव्हतं.

तर मी फोन काढला आणि लिहायला लागले. शेजारच्या सीटवर एक काका होते. पांढरा सफारी, मांडीवर कापडी पिशवी, वाचायचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तो चष्मा पेपरसाठी असेल असा माझा समज होता. तो माझ्या फोनसाठी होता.

“आनंद झाला नका लिहू,” काका म्हणाले.

मी फोन थोडा तिरका केला. काकाही थोडे तिरके झाले.

“मी तीस वर्षं विमा विकला. आनंद झाला म्हटलं की समोरचा ओळखतो, आता हा खिशात हात घालणार.”

मी सांगितलं की मला काही विकायचं नाहीये, नुसती ओळख ठेवायची आहे. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पैसे नकोत म्हणणाऱ्या भटजींचा सूर लावलाय. “बरं,” ते म्हणाले, “मग काय लिहिणार?”

इथे मला त्यांना लिंक्डइनचा जाच समजावून सांगावा लागला. ओळखीच्या विनंतीबरोबर चिठ्ठी जोडता येते, पण फुकट खात्याला 200 अक्षरांचीच. पैसे भरले तर 300. त्यातही फुकट्यांना महिन्याला मोजक्याच चिठ्ठ्या, त्या संपल्या की नुसती मुकी विनंती पाठवा.

“दोनशे अक्षरं म्हणजे पुष्कळ झाली,” काका म्हणाले. “तारेत आम्ही आख्खं बारसं कळवायचो.”

पण आपलं अक्षर वेगळं आणि ॲपचं वेगळं. आपल्या हिशोबाने “सेन्सरचं” म्हणजे चार अक्षरं. ॲप त्यातले काने, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडलेला न सुटा सुटा मोजतं, आणि आठ धरतं. जोडाक्षर आलं की आकडा ढांगा टाकत पळतो. हे मी काकांना “स्वातंत्र्योत्तर” टाइप करून दाखवलं. त्यांना ते इतकं आवडलं की पुढची दहा मिनिटं ते मला एकेक शब्द सांगत होते आणि मी, का कोण जाणे, टाइप करत होते. “दुष्काळग्रस्त” टाका. “ज्येष्ठ” टाका. माझा मेसेज बाजूला, बस जागच्या जागी, आणि आमचं जोडाक्षरांचं हळदीकुंकू चाललेलं.

शेवटी मी जबरदस्तीने मूळ मुद्द्यावर आले आणि हे लिहिलं:

“नमस्कार मॅडम. जेवणाच्या रांगेत तुम्ही खोका घातलेल्या सेन्सरचं सांगितलंत, ते डोक्यातून जात नाही. अलार्म दहा मिनिटं उशिरा वाजेल असा लावला तर पोरं खोका काढतील का?”

हे दोनशेच्या आत बसलं. काकांनी ते दोनदा वाचलं, ओठ हलवत.

“तुमच्या कंपनीचं नाव कुठाय?”

म्हटलं, ते माझ्या नावाखाली आपोआप दिसतं.

“आणि मशीन?”

म्हटलं, नाही घालणार. उशिराची ही सोय, म्हणजे हवा तेवढी मिनिटं सलग तापलेली राहिली तरच ओरडायचं, बहुतेक सगळ्या बऱ्या यंत्रांत असते, त्यांच्या आत्ताच्या यंत्रातही असेल. नुसतं सेटिंग बदलायचं.

काका हादरले. “म्हणजे तुम्ही त्यांना दुसऱ्याचंच मशीन नीट वापरायला शिकवताय?” त्यांनी पिशवी मांडीवरून काढून पायाशी ठेवली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. “पोरी, शेवटी काहीतरी मागायचं असतं. भेटीची वेळ माग. नंबर माग. नाहीतर बाई म्हणतील, छान, आणि विसरतील.”

मी म्हटलं, मागितलंय की. प्रश्न विचारलाय. ज्याचं उत्तर फक्त त्यांनाच माहीत आहे, आणि ते त्यांना गाडी भरून होईपर्यंत उभ्याउभ्या अंगठ्याने देता येईल. पंधरा मिनिटांचा कॉल मागितला की समोरच्याला आधी डायरी काढावी लागते, मग सबब शोधावी लागते. हो किंवा नाही लिहायला काही लागत नाही.

काका गप्प बसले. मग म्हणाले, “पण खोका पहिल्यांदा घ्या. नमस्कार, जेवण, रांग, हे सगळं पुढे कशाला? दारावरची बेल वाजली की आम्ही आधी ‘तुमच्या मुलीचं बारावीचं काय झालं’ विचारायचो. नाव नंतर.”

मला हे पटलं, याचाच मला राग आला. कारण फोनवर सूचना येते तेव्हा पहिले चार-पाच शब्दच दिसतात, आणि त्या दिवशी बाईंच्या फोनवर “नमस्कार मॅडम” ची रांग लागलेली असणार. मी वाक्य फिरवलं: “खोका घातलेला सेन्सर डोक्यातून जात नाही, मॅडम!” आणि पुढे बाकीचं. काकांना इतका आनंद झाला की त्यांनी “हां, आता पाठवा!” म्हणत बोट पुढे केलं.

मेसेज मी नोट्समध्ये लिहीत होते. तो कॉपी करून मी लिंक्डइनमध्ये बाईंचं नाव शोधलं होतं आणि नावांची यादी समोर होती. काकांच्या बोटाने त्या यादीतल्या बाईंच्या नावापुढचं बटण दाबलं. यादीतून दाबलं की ॲप चिठ्ठी बिठ्ठी काही विचारत नाही. विनंती गेली. मुकी. कोरी. ज्या चिठ्ठीसाठी मी चाकणपासून काने मोजत होते, ती माझ्या फोनमध्येच.

“गेलं?” काकांनी कौतुकाने विचारलं.

विनंती मागे घेता येते, पण मग त्याच माणसाला पुन्हा विनंती पाठवायला तीन आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं. तीन आठवड्यांनी कोणाला पनीरची रांग आठवणार? म्हणून ठेवली तशीच. मग नारायणगाव येईपर्यंत मी एक अक्षर बोलले नाही. काकांनी पिशवीतून चिवडा काढला आणि मला अर्धा दिला, तोही मी खाल्ला, पण बोलले नाही.

मला खरं म्हणजे राग काकांचा नव्हता. माणसाने माणसाला नीट चार शब्द लिहायचे म्हटले तर ते बटण आडबाजूला, तीन टिंबांच्या पोटात, आणि मोजून मापून. कोरी विनंती मात्र एका बोटात, यादीभर. आणि साखर मागणाऱ्यांचे सात परिच्छेद आल्याशिवाय राहत नाहीत, कारण एकदा ओळख मान्य केली की पुढे दोनशे अक्षरांची मर्यादा नाही.

हे मनात आलं आणि मी तिथेच थांबले. मर्यादा नाही! म्हणजे बाईंनी कोरी विनंती जरी मान्य केली, तरी साधा मेसेज पाठवता येईलच की, चांगला लांबलचक. सगळे काने-मात्रे फुकट वाचवले होते.

संगमनेरच्या पुढे बाईंनी विनंती मान्य केली. काकांनी माझ्याआधी पाहिलं.

“आता जागा आहे,” ते हळूच म्हणाले. “आता टाका ना मशीनचं.”

जागा होती, आणि खरं सांगते, बोट वळवळलं. पण मी तोच मेसेज पाठवला, जसाच्या तसा, खोका आधी घेऊन. सिन्नर यायच्या आत उत्तर आलं:

“काढतील की! पण दहा कमी पडतील, गाडी भरताना दार वीस मिनिटं उघडं असतं. वीस चालेल का? आणि तुम्ही म्हणजे निळ्या साडीतल्या ना, भाषणात प्रश्न विचारलेल्या?”

निळ्या साडीतल्या बाई तिसऱ्या रांगेत होत्या. मी जेवणाच्या आख्ख्या रांगेत सांगलीच्या बाईंच्या मागे ताट धरून उभी होते, त्यांची चटणी त्यांच्या हातात मी दिली होती, आणि माझ्या अंगावर राखाडी कुर्ता होता. खोका लक्षात राहिला. खोक्यावर “अगं बाई!” म्हणून हसलेली मी नाही.

“तुमचा फोटो गॉगल लावलेला आहे,” काका म्हणाले. “गोव्याचा ना? त्यात कोणीही कोणीही दिसतं. हो म्हणा. ओळख ती ओळख.”

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. लिहिलं की वीस चालेल, पण मग दारापासून लांब, खोक्यांच्या मधोमध एक दुसरा सेन्सर हवा, जो उशीर न लावता लगेच ओरडेल. नाहीतर रात्री दार खरंच उघडं राहिलं तर पहिली वीस मिनिटं कोणालाच कळणार नाही. आणि सकाळी चार मणी निवडून त्यांत टोचणीचा थर्मामीटर खुपसून बघत जा, हवेच्या आकड्यावर जाऊ नका. त्यावर बाईंनी लगेच त्यांच्या कोठीचा नकाशा पाठवला, वहीच्या पानावर पेनाने काढलेला, दार कुठे आणि पंखे कुठे.

काकांनी उतरताना मला त्यांचं कार्ड दिलं. मागच्या बाजूला पेनाने लिहिलं होतं: “मुदत विमा काढलाय का?”

नकाशावर आमचं अजून चाललंय. मधला सेन्सर कुठे लावायचा यावर बाईंचं आणि माझं एकमत नाही, त्यांना तो पंख्याच्या समोर हवाय आणि तिथे तो नेहमी थंडच दाखवणार. निळ्या साडीचं मी अजून खोडून काढलेलं नाही.