सही मिळवून देणारी सोप नोट कशी लिहावी

लॉगबुक सबमिशन जवळ आलं की राउंडच्या चुरगळलेल्या कागदांतून सुबक सोप नोट काढायची कला ज्याला त्याला हवी असते. परवाच माझ्यापुढे सहीसाठी लॉगबुकांचा ढीग येऊन पडला. बहुतेकांनी एकाच बाईंवर लिहिलं होतं, आणि बहुतेकांनी एकसारखंच. त्या अभ्यासातून हाती लागलेलं ज्ञान स्वतःपाशी ठेवणं बरं नव्हे, म्हणून हा प्रपंच.

पहिलं म्हणजे कच्चा कागद नीट वाचू नका. वाचलात की अडचणी सुरू होतात. हा बघा, एका विद्यार्थ्याच्या वहीत चुकून राहिलेला राउंडचा कागद, जसाच्या तसा: "बाई ५६, न्यूमोनिया, दि. ३. रात्री १दा ताप. खोकला कमी. जेवण नाही. उजवीकडे खाली क्रेप्स. ९४ – २ लि. (काल ९३ – ४ लि.). लघवी कमी म्हणते. क्रिएट १.६!! आधी १.१. गुडघ्याची गोळी घरून – कोणती? चार्ट कोरा. उद्या परत." अक्षर भयंकर, क्रम नाही, पण त्या बाईंबद्दल त्या सकाळी जे कळलं ते सगळं इथे आहे. धोकादायक कागद. लगेच घडी घालून खिशात टाका.

आता एस. इथे "पेशंट कम्फर्टेबल, नो फ्रेश कम्प्लेंट्स" लिहा. पेशंट काय म्हणाला याचा एसशी संबंध असतो, अशी एक जुनाट समजूत आहे. तिच्या नादी लागलात तर रात्रीचा ताप, न गेलेलं जेवण, कमी झालेली लघवी आणि घरून आणलेली गोळी हे सगळं लिहावं लागेल. गोळीचं नाव माहीत नसेल तर परत जाऊन विचारावंही लागेल. बाई उशीखालून पट्टी काढून दाखवतील, तिच्यावर डायक्लोफेनॅक लिहिलेलं असेल, आणि मग पुढचं सगळं बदलावं लागेल. कशाला?

ओमध्ये ऑक्सिजन ९४ टक्के लिहा आणि किती लिटरवर ते गाळा. काल ९३, आज ९४, म्हणजे जैसे थे! काल चार लिटर लागत होते, आज दोनच पुरतायत, हा फरक वाचणाऱ्याला कळायची गरज नाही.

तपासणीची तारीख आणि वेळही गाळा. सगळ्या नोट्स सबमिशनच्या आदल्या रात्री एकाच पेनाने लिहिल्या आहेत हे कोणाच्या लक्षात येणार?

ओमधलं खरं कौशल्य मात्र पुढे आहे: जे तपासलंच नाही ते नॉर्मल लिहिणं. "सीव्हीएस: एस वन एस टू नॉर्मल. पोट मऊ, टेंडरनेस नाही. सीएनएस: एनएडी." ही ओळ मला वहीमागून वहीत भेटली. शब्द तेच, स्वल्पविराम तेच, एकात झालेली स्पेलिंगची चूकसुद्धा दुसऱ्यात तीच. त्या राउंडला मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. कोणीही त्या बाईंच्या पोटाला हात लावला नाही. कोणी हृदयाचे ठोके ऐकले नाहीत. छातीच्या मागच्या बाजूला स्टेथोस्कोप ठेवला, उजवीकडे खाली क्रेप्स ऐकले आणि सगळे पुढच्या पलंगाकडे गेले. मग हे मऊ पोट आलं कुठून? कच्च्या कागदात नाही, तुमच्या हातांनी कळलेलं नाही, म्हणजे मागच्या महिन्यातल्या कुठल्यातरी दुसऱ्याच पेशंटचं पोट तुम्ही या बाईंना लावलंत! कागदाला नीट रूप देणं म्हणजे इकडचं तिकडे लावणं. त्यात नवं काही घालायचं नसतं. "पोट तपासलं नाही" ही तीन शब्दांची ओळ लिहायला कोणी हात धरला होता? रिकामी जागा दिसली की मार्क जातील ही भीती, दुसरं काय. रिकामी जागा बघून मी विचारलं असतं, "का नाही तपासलं?" आणि तुम्ही जाऊन तपासून आला असता. खोटं नॉर्मल वाचून मात्र मी, उद्याचा ड्युटी डॉक्टर, कोणीच काही विचारत नाही.

बरं. शांत होतो.

ए सोपा आहे. "न्यूमोनिया, डे थ्री."

पी त्याहून सोपा. "सीएसटी." म्हणजे आहे तेच उपचार चालू ठेवा. यात ती गुडघ्याची गोळीही चालूच राहते, पण आपल्याला काय त्याचं.

पेशंटचं नाव, पलंग क्रमांक आणि केस पेपरचा नंबर ठळक लिहा, म्हणजे वही कॅन्टीनमध्ये विसरली तर परत आणणाऱ्याला बाईंची सगळी माहिती मिळेल.

आता थट्टा पुरे. अरे बाबांनो, तुमच्यातल्या एकाने क्रिएटिनिन १.६ ओमध्ये व्यवस्थित उतरवलं आणि चार ओळींखाली ए मध्ये नुसतं न्यूमोनिया लिहिलं. स्वतः लिहिलेला आकडा स्वतः वाचला नाही! दाखल होताना १.१, ४८ तासांच्या आत १.६. वाढ ०.५ ची, आणि इतक्या वेळात ०.३ वाढलं तरी त्याला अॅक्युट किडनी इंज्युरी म्हणतात. राउंडला सरांनी त्यावर दोन उद्गारचिन्हांएवढा आवाज चढवला होता, ते कागदावर आलंसुद्धा. तुमच्या चार चौकोनांत त्याला जागा सापडली नाही, म्हणून ते पडलं.

ए म्हणजे निदानाचं लेबल नव्हे. एस आणि ओ एकमेकांशेजारी ठेवून काय वाटतं ते तिथे लिहायचं, एकेका प्रॉब्लेमला वेगळी ओळ देऊन. पहिला प्रॉब्लेम न्यूमोनिया: ताप एकदाच, ऑक्सिजनची गरज निम्म्यावर, म्हणजे सुधारतोय. दुसरा किडनी: तापात अन्नपाणी गेलेलं नाही, शरीरात पाणी कमी पडलंय. अशा वेळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवायला प्रोस्टाग्लँडिन लागतं, आणि डायक्लोफेनॅक नेमकं तेच बनू देत नाही. हे कारण असावं, खात्री नाही. म्हणून "बहुधा" लिहायचं, त्यात कमीपणा नाही. मग पीसुद्धा प्रॉब्लेमवार. न्यूमोनियाला तीच अँटिबायोटिक, आज तिसरा दिवस. किडनीसाठी गोळी बंद, आणि बाईंना व घरच्यांना का ते सांगणं. पाण्याचा अंदाज तपासून घेणं. लघवीचा चार्ट आजपासून भरणं. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम उद्या सकाळी. यातलं सीनियरने ठरवलेलं कोणतं आणि तुमचं मत कोणतं, तेही कळलं पाहिजे.

हे सगळं त्या घाणेरड्या कागदावर होतं. "गोळी – कोणती?" हा प्रश्न तुमच्याच अक्षरात होता, आणि पक्की नोट करताना तुम्ही तोच खोडलात, कारण प्रश्नचिन्ह नीटनेटकं दिसत नाही. उत्तर मिळालं नसेल तर प्रश्न तसाच पीमध्ये घाला: "गोळीचं नाव विचारायचं आहे." तेही काम आहे.

त्या पानांवर मी सही केलेली नाही. कोणी ऑफिसात तक्रार करणार असेल तर खुशाल करा. परत आणाल तेव्हा कच्चा कागद टाचून आणा, मी ओळ न् ओळ ताडून बघणार आहे. आणि पोट मऊ लिहिणार असाल तर आधी जाऊन, बाईंना विचारून, हात लावून या.