रद्द झालेल्या वेळेची किंमत: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: “न घेतलेल्या उपचाराचे पैसे मागणे ही उघड लूट आहे. लोकल खोळंबली, घरात मूल तापले, तर माणसाने काय करायचे? आणि तुम्हीच रुग्णाला अर्धा तास बसवून ठेवता, तेव्हा दंड कोण भरतो? असे नियम लावाल तर माझ्यासारखे लोक दुसरीकडे जातील.”

नमस्कार. ठरलेली वेळ चुकवणाऱ्या रुग्णाकडून पैसे घेण्याविषयीच्या माझ्या लेखात मी ‘दंड’ हा शब्द वापरला, तो चुकला. भारतीय करार कायद्याचे (1872) कलम 74 करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा मानते आणि तिच्या आत वाजवी तेवढीच भरपाई देते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, प्रत्यक्ष नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लादणारा करार अनुचित ठरू शकतो. म्हणून आधी नुकसान किती होते, ते मोजायला हवे.

माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये 45 मिनिटांच्या सत्राचे 800 रुपये होतात. रुग्ण आला नाही, तर जेल, टिश्यू, चादरीची धुलाई असे जेमतेम 50 रुपये वाचतात. जागेचे भाडे आणि मदतनीसाचा पगार चालूच राहतो. म्हणजे वेळ रिकामी गेली तर नुकसान 750 रुपयांचे. पण ती रिकामी जातेच असे नाही. गेल्या सहा महिन्यांची वही मी पुन्हा तपासली. आदल्या दिवशी कळवलेल्या पाच वेळांपैकी साधारण चार प्रतीक्षा यादीतून भरल्या. त्याच दिवशी सकाळी कळवलेल्या निम्म्या भरल्या. तीन तासांच्या आत कळवलेल्या, किंवा न कळवताच गेलेल्या, जवळजवळ एकही नाही. त्यामुळे सरासरी नुकसान अनुक्रमे 150, 375 आणि 750 रुपये पडते. हा हिशेब संध्याकाळी सहा ते नऊच्या वेळांचाच आहे. दुपारी तीनला माझ्याकडे तशीही जागा रिकामी असते, तेव्हा कुणी आले नाही म्हणून दुसरे कुणी परत गेलेले नसते. म्हणून दुपारची वेळ चुकली तर मी काहीच घेत नाही.

मग पूर्ण 750 का आकारत नाही? दहा सत्रांचा उपचार घेणारा रुग्ण चौथ्या सत्रानंतर दुखावून निघून गेला, तर उरलेल्या सहा सत्रांचे 4500 रुपये जातात, आणि त्याचा गुडघाही अर्धवट राहतो. न कळवता चुकलेल्या वेळेचे शुल्क सध्याच्या 400 वरून 750 केले तर प्रत्येक चुकलेल्या वेळेमागे मला 350 रुपये जास्त मिळतील. पण अशा बारा जणांमागे एक जरी कायमचा गेला, तर ती सगळी जमा पुसली जाते. म्हणून आदल्या दिवशी कळवल्यास काही नाही, त्याच दिवशी कळवल्यास 200 आणि न कळवल्यास 400, असे आकडे मी ठरवले. त्यातही ती वेळ दुसऱ्या रुग्णाने घेतली तर रक्कम परत जाते, कारण तेव्हा माझे काही बुडालेले नसते.

याहून कमी आकारणे सौम्य वाटते, पण मी ते करून पाहिले आहे. दोन वर्षांपूर्वी 50 रुपये ठेवले होते. पूर्वी संकोचून का होईना फोन करणारे लोक त्यानंतर “पन्नास लावून घ्या” म्हणून मोकळे होऊ लागले. इस्रायलमधील हैफा शहरातल्या पाळणाघरांचा 2000 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मी नंतर वाचला: मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना छोटा दंड लावला, तर उशीर वाढला, आणि दंड काढल्यावरही तो पूर्वीइतका उतरला नाही. छोटी रक्कम ही गैरहजर राहण्याची परवानगी विकत घेतल्यासारखी होते.

लोकल किंवा आजारपणाच्या बाबतीत मी कारण विचारत नाही आणि पुरावाही मागत नाही, कारण कुणाचा ताप खरा हे ठरवायला बसणे मला अपमानास्पद वाटते. त्याऐवजी प्रत्येकाला सहा महिन्यांतून एक चुकलेली वेळ माफ आहे, आणि गाड्या बंद पडल्या त्या दिवशी सर्वांनाच. न आलेल्या माणसाकडून नंतर वसुली करण्याची वेळ येऊ नये, आणि त्यावरून फोनवर वाद होऊ नये, म्हणून वेळ घेतानाच 400 रुपये यूपीआयने घेऊन ते त्या सत्राच्या बिलात वळते करते. ते परत कधी मिळतात, हे पैसे भरण्याआधीच्या संदेशात दोन ओळींत लिहिलेले असते.

तुमच्या अर्ध्या तासाच्या मुद्द्यावर माझ्याजवळ बचाव नाही. आधीचे सत्र लांबते आणि तो भार मी पुढच्या रुग्णावर टाकते; मोजायचे ठरवले तर त्याचाही वेळ मोजायला हवा. या महिन्यापासून पंधरा मिनिटांहून अधिक उशीर माझ्याकडून झाला तर त्या सत्राच्या बिलातून 200 रुपये वजा होतील, आणि वेळ मीच त्या दिवशी रद्द केली तर आगाऊ रक्कम परत मिळून पुढच्या बिलातूनही 200 कमी होतील. हे वाक्य रुग्णांच्या संदेशात त्यांच्या अटींच्या वर टाकले आहे.