डायलिसिसची रांग आणि कलम २१

"काका, माणसाला मारायचं नाही आणि त्याला उपचार द्यायचे, दोन्ही घटनेच्या कलम एकवीसमध्येच, जगण्याच्या हक्कातच येतं. मग मामाला डायलिसिस नाकारलं म्हणजे जीवच घेतला की! आता उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे. याचिका टाकू का?" राजारामपुरीतला माझा पुतण्या कायदा शिकतोय, त्याचा हा प्रश्न.

याचिका टाक, पण 'जीव घेतला' हा मुद्दा टिकणार नाही. मी राहतो त्या दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्येच असा एक खटला उभा राहिला होता. सूब्रमनी नावाच्या ४१ वर्षांच्या गृहस्थांची मूत्रपिंडं निकामी झाली होती, शिवाय हृदयविकार. इथल्या अॅडिंग्टन या सरकारी रुग्णालयात डायलिसिसची २० यंत्रं होती. एका रुग्णाला चार तास लागत, मग यंत्र साफ करायला आणखी दोन. म्हणून ज्यांचं प्रत्यारोपण होऊ शकतं त्यांनाच कायमचं डायलिसिस, असा नियम होता. हृदयामुळे सूब्रमनी त्यात बसेनात. 'तातडीचे उपचार कुणालाही नाकारता येणार नाहीत' या इथल्या घटनेतल्या तरतुदीवर ते लढले.

१९९७ च्या त्या निकालात आपल्या हकीम शेखचाही उल्लेख आहे. १९९२ मध्ये रेल्वेतून पडून त्याच्या डोक्याला मार लागला आणि कोलकात्याची सरकारी रुग्णालयं 'खाट नाही' म्हणत त्याला परत पाठवत राहिली. १९९६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं त्याला २५ हजारांची भरपाई दिली. पैसे नाहीत ही सबब सरकारला चालणार नाही, असं बजावलं. पण दक्षिण आफ्रिकेच्या न्यायालयानं फरक केला. अपघात अचानक होतो. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा, जन्मभर लागतं. अर्ज फेटाळला गेला आणि काही दिवसांतच सूब्रमनी वारले.

मला तो निकाल कठोर पण बरोबर वाटतो. मी तुला इजा करायची नाही, हे मी एकाच वेळी साऱ्या कोल्हापूरच्या बाबतीत पाळू शकतो. यंत्रावर मात्र एक बसला की दुसरा थांबतो. त्यामुळे उपचाराच्या हक्कात विचारायचं ते हे: रांगेचा नियम कोणता, तो लेखी आहे का, सगळ्यांना सारखा लावला का?

वहिनींना हे पटलं नाही. "माझ्या भावाला नियम सांगितलाच नाही, नुसतं 'पुढच्या महिन्यात या' म्हणाले. आणि यंत्रं कमी कुणी घेतली?" इथली माझी शेजारीण डायलिसिस विभागात नर्स आहे. ती म्हणते, नियम लेखी असला तरी नकार सांगायला कुणी पुढं येत नाही.

वहिनींच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. यंत्रं किती घ्यायची हे न्यायाधीशांनी ठरवावं, असं मला वाटत नाही. पण वर्षानुवर्षं कमीच घेतली तर तीही इजाच का, यावर आमचं जमलेलं नाही. पहिला प्रश्न मात्र बेंचपुढं नेण्याजोगा आहे. पुतण्यानं मामाच्या नकाराचं कारण आणि निवडीचा नियम माहितीच्या अधिकारात आधी लेखी मागावा.